यूमा, न्यूमा आणि मेसेज पासिंग: मोठ्या उत्तरात या चुका टाळा

"यूमा आणि न्यूमा मल्टिप्रोसेसरची तुलना करा. शेअर्ड मेमरी आणि मेसेज पासिंग यांतील फरक स्पष्ट करा." कॉम्प्युटर आर्किटेक्चरच्या पेपरात हे दोन प्रश्न बऱ्याचदा हातात हात घालून येतात आणि तिथेच घोळ होतो. उत्तरपत्रिकेत मग असं काहीतरी लिहिलेलं सापडतं:

> यूमामध्ये सगळ्या प्रोसेसरची मेमरी सामाईक असते. न्यूमामध्ये प्रत्येक प्रोसेसरजवळ स्वतःची मेमरी असते, त्यामुळे प्रोसेसर एकमेकांशी मेसेज पासिंगने बोलतात.

पहिलं वाक्य बरोबर आहे. दुसऱ्याचा पूर्वार्धही चालेल. पण त्यातून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे, आणि तो एकदा लिहिला की पुढची सगळी तुलना त्याच्यामागे वाहवत जाते. न्यूमा हे शेअर्ड मेमरीचंच एक रूप आहे. यूमाही शेअर्ड मेमरीच. मेसेज पासिंग या दोघांच्या बाहेर उभं आहे.

दोन प्रश्न वेगळे ठेवा

इथे दोन स्वतंत्र प्रश्न विचारलेले आहेत. पहिला: प्रोसेसरने मेमरीतला कुठलाही पत्ता वाचला, तर लागणारा वेळ सगळीकडे सारखा आहे का? सारखा असेल तर यूमा, नसेल तर न्यूमा. दुसरा: एका प्रोसेसरला दुसऱ्याजवळच्या मेमरीतला पत्ता साध्या लोड-स्टोअर सूचनेने गाठता येतो का? येत असेल तर शेअर्ड मेमरी, नसेल तर मेसेज पासिंग. पहिला प्रश्न वेळेचा आहे आणि दुसरा पत्त्यांचा. मेमरी चिप प्रत्यक्षात कुठल्या सॉकेटशेजारी बसवली आहे, यावरून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ठरत नाही.

हे नीट पटायला एक लोड सूचना शेवटपर्यंत पाहू. समजा दोन सॉकेटचा सर्व्हर आहे आणि प्रत्येक सॉकेटजवळ 64 जीबी मेमरी. ढोबळमानाने पहिल्या 64 जीबीचे पत्ते नोड 0 कडे, पुढचे नोड 1 कडे. सॉकेट 0 वरचा एक कोअर `x = a[i];` ही ओळ चालवतो आणि `a[i]` नेमका नोड 1 वर आहे. कोअर आधी स्वतःच्या कॅशमध्ये शोधतो, तिथे मिळत नाही. मग हार्डवेअर पत्ता बघून ठरवतं की हा नोड 1 चा आहे, आणि मागणी दोन सॉकेटमधल्या दुव्यावरून पलीकडच्या मेमरी कंट्रोलरकडे जाते. तिथून 64 बाइटची कॅश लाइन परत येते. प्रोग्राममध्ये कुठेही `send` नाही, `receive` नाही, ऑपरेटिंग सिस्टीमला हाक मारलेली नाही. प्रोग्रामला दिसतो तो फक्त जास्त लागलेला वेळ.

दुव्यावरून हार्डवेअरचे संदेश जातात हे खरं, आणि काही विद्यार्थी याच मुद्द्यावर अडतात. पण मेसेज पासिंग हे नाव प्रोग्रामला जे उघडपणे करावं लागतं त्याला आहे, तारेवरून काय धावतं त्याला नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्या पुण्यातलंच आहे. सी-डॅकने 1991 मध्ये सादर केलेला परम 8000 हा ट्रान्सप्युटर चिपांचा बनलेला होता. प्रत्येक नोडला स्वतःची मेमरी, आणि शेजारच्या नोडची मेमरी पत्त्याने वाचायची सोयच नाही. माहिती हवी असेल तर दुव्यावरून संदेश पाठवायचा आणि पलीकडच्याने तो घ्यायचा. ही खरी मेसेज पासिंगची यंत्रणा. तिच्याशेजारी 1996 चं एसजीआय ओरिजिन 2000 ठेवा: तिथेही मेमरी नोडनोडवर वाटलेली, पण पत्ते सगळ्यांचे एकच, म्हणून ते न्यूमा. ही दोन उदाहरणं उत्तरात आली की तपासणाऱ्याला कळतं, तुम्हाला फरक समजला आहे.

"यूमामध्ये सगळं सारख्या वेळात मिळतं"

हे वाक्य अर्धवट आहे. सारखा वेळ मुख्य मेमरीपुरता असतो. यूमामध्येही प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची कॅश असते आणि कॅशमध्ये सापडलेली गोष्ट मुख्य मेमरीपेक्षा कितीतरी लवकर मिळते. म्हणून व्याख्या लिहिताना "कुठल्याही प्रोसेसरला मुख्य मेमरीतल्या कुठल्याही पत्त्यासाठी लागणारा वेळ सारखा" असं पूर्ण लिहा. कॅश कोहिरन्सचा प्रश्नही दोन्हीकडे येतो. बसवर सगळ्यांना सगळं ऐकू येतं, म्हणून यूमात स्नूपिंग चालतं. नोड वाढले की प्रत्येक गोष्ट सगळ्यांना सांगणं परवडत नाही, म्हणून ओरिजिनसारख्या यंत्रात डिरेक्टरी ठेवतात.

"यूमा स्केलेबल नाही" एवढं लिहून थांबू नका

कारणाशिवाय हे वाक्य पाठ केलेलं वाटतं. कारण आकड्यांत दाखवा. समजा एका प्रोसेसरच्या कॅश-मिसमुळे बसवर सेकंदाला 1 जीबीची मागणी येते आणि बस 16 जीबी पेलते. सोळा प्रोसेसरनंतर बस भरली. सतरावा लावला तर कामाचा वेग वाढत नाही, नुसती रांग वाढते. न्यूमात प्रत्येक नवा नोड स्वतःची मेमरी आणि तिचा मार्ग सोबत घेऊन येतो, त्यामुळे एकूण क्षमता वाढत जाते. मात्र एक अट आहे: बहुतेक मागण्या आपल्याच नोडवर भागल्या पाहिजेत. ही अट लिहायची राहिली तर "मग न्यूमा नेहमीच चांगलं का नाही?" या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

अटीचं महत्त्व एका छोट्या गणिताने दाखवता येतं. मागण्यांपैकी `p` इतका भाग स्थानिक असेल तर सरासरी वेळ अशी:

```
T = p × t_local + (1 − p) × t_remote
```

स्थानिक मेमरीला 80 नॅनोसेकंद आणि दूरच्या मेमरीला 140 नॅनोसेकंद धरा. 90 टक्के मागण्या स्थानिक असतील तर `0.9 × 80 + 0.1 × 140 = 86`. चार नोडवर माहिती कशीही विखुरली आणि फक्त 25 टक्के स्थानिक निघाल्या, तर `0.25 × 80 + 0.75 × 140 = 125`. यंत्र तेच, प्रोग्राम तोच, माहिती कुठे ठेवली एवढाच फरक. आकडे गृहीत धरलेले आहेत हे उत्तरात स्पष्ट लिहा. प्रत्यक्षातले आकडे यंत्रागणिक बदलतात.

ही विखुरलेली अवस्था खऱ्या यंत्रावर कशी येते, हे लिहिणारे फार थोडे, आणि मला तर प्रश्नातला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो. लिनक्समध्ये `malloc` केल्यावर मोठ्या अ‍ॅरेसाठी लगेच खरी मेमरी मिळत नाही, नुसते पत्ते राखले जातात. ज्या कोअरने एखाद्या पानाला पहिल्यांदा हात लावला, त्याच्या नोडवर ते पान जाऊन बसतं. आता मुख्य थ्रेडने एकट्यानेच पूर्ण अ‍ॅरेत शून्य भरलं, तर सगळी पानं नोड 0 वर. पुढे दोन्ही सॉकेटचे थ्रेड कामाला लागले की नोड 1 वाल्यांची प्रत्येक कॅश-मिस दूरची, आणि वर सगळ्यांचा भार एकाच मेमरी कंट्रोलरवर. थ्रेड दुप्पट केले तरी वेग दुप्पट का होत नाही, याचं उत्तर अनेकदा इथे असतं.

ओळखायचं कसं? आधी यंत्र बघा, मग प्रक्रिया:

```
numactl --hardware
numastat -p <PID>
```

पहिली कमांड नोड आणि त्यांच्यातलं अंतर दाखवते. स्थानिक अंतर 10 लिहिलेलं असतं आणि दूरचं त्याहून मोठं. हे नॅनोसेकंद नव्हेत, सापेक्ष आकडे आहेत, तेवढं चुकवू नका. दुसऱ्या कमांडमध्ये प्रक्रियेची जवळजवळ सगळी मेमरी एकाच नोडच्या रकान्यात दिसली तर निदान झालं. उपाय असा की ज्या थ्रेडने पुढे अ‍ॅरेचा जो तुकडा वापरायचा, त्यानेच तो सुरुवातीला भरायचा, आणि थ्रेड आपापल्या नोडवर बांधून ठेवायचे. साध्या लॅपटॉपवर हे करून बघायला गेलात तर बहुधा एकच नोड दिसेल, कारण तिथे सगळे कोअर त्याच मेमरी कंट्रोलरमधून जातात.

शेअर्ड मेमरी सोपी, मेसेज पासिंग अवघड?

पुस्तकी उत्तरात असंच असतं. पण एकच काम दोन्ही पद्धतींनी लिहून बघा. पी0 कडचा आकडा पी1 ला द्यायचा आहे.

```
// शेअर्ड मेमरी
P0: data = 42; flag = 1;
P1: while (flag == 0) ; x = data;

// मेसेज पासिंग
P0: MPI_Send(&data, 1, MPI_INT, 1, 0, MPI_COMM_WORLD);
P1: MPI_Recv(&x, 1, MPI_INT, 0, 0, MPI_COMM_WORLD,
             MPI_STATUS_IGNORE);
```

पहिल्यात माहिती पोचवणं फुकट आहे, नुसतं चलात लिहायचं. पण "तयार झालं" हे सांगायला वेगळा `flag` लागला. शिवाय कंपायलरने किंवा प्रोसेसरने त्या दोन लिखाणांचा क्रम बदलला तर पी1 ला जुनाच आकडा मिळू शकतो. खऱ्या कोडमध्ये `flag` अ‍ॅटॉमिक ठेवून क्रम राखावा लागतो. दुसऱ्यात पाठवणं, घेणं, आकार, पत्ता सगळं स्वतः लिहावं लागतं, पण आकडा हातात आल्याशिवाय `MPI_Recv` पुढे सरकत नाही, म्हणजे सिंक्रोनायझेशन त्यातच आलं. म्हणून "सोपं-अवघड" असं न लिहिता कुठलं ओझं कुणावर आहे ते लिहा: शेअर्ड मेमरीत संवाद हार्डवेअर सांभाळतं आणि समन्वय प्रोग्रामरकडे येतो, मेसेज पासिंगमध्ये संवाद उघडपणे लिहावा लागतो आणि समन्वय बराचसा त्याच्यासोबत मिळतो.

मेसेज पासिंगबद्दल आणखी एक चूक सर्रास दिसते: "सेंड केल्यावर पलीकडच्याने घेईपर्यंत प्रोसेस थांबते." `MPI_Send` परतलं याचा अर्थ एवढाच की तुमचा बफर आता पुन्हा वापरायला हरकत नाही. लहान संदेश बहुतेक वेळा आतल्या आत साठवून ते लगेच परततं. मोठा असेल तर पलीकडचा तयार होईपर्यंत थांबू शकतं. त्यामुळे दोन्ही प्रोसेसनी आधी सेंड आणि मग रिसीव्ह लिहिलं, तर छोट्या अ‍ॅरेवर प्रोग्राम व्यवस्थित चालतो आणि अ‍ॅरे मोठा केला की तिथेच अडकून बसतो, एरर नाही, काही नाही. डेडलॉकचं उदाहरण मागितलं तर हेच द्या आणि उपायही लिहा: एकाने आधी रिसीव्ह करायचं, किंवा दोघांनी `MPI_Sendrecv` वापरायचं.

हाच एमपीआय प्रोग्राम एकाच न्यूमा सर्व्हरवरही चालतो. तेव्हा संदेश आतून बहुधा सामाईक मेमरीतूनच जातात, तरी प्रत्येक प्रोसेसची पत्त्यांची जागा वेगळीच राहते. प्रत्येक प्रोसेस फक्त स्वतःचीच माहिती भरते आणि वापरते, म्हणून तिला नोडवर बांधून ठेवलं तर पहिल्या स्पर्शाचा नियम आपोआप तिच्या बाजूने काम करतो. न्यूमावर थ्रेडवाल्या प्रोग्रामपेक्षा एमपीआयचा प्रोग्राम कधीकधी वेगवान का निघतो, याचं एक मोठं कारण हे आहे.