पडत्या बाजारात उसळी आली तर: खरेदीपूर्वी मागचा माथा तपासा

मंदीत बाजार आठवडाभर जोरात चढला की मला फोन येऊ लागतात. प्रश्न एकच असतो, "आता घ्यायचं का?" मग समोरचा सांगतो की बाजार तळापासून वीस टक्के वर आलाय. या वाक्यातच चूक आहे. तळापासून किती वर आला हे मोजून काहीच कळत नाही. काय मोजायचं ते या लेखात सांगतो, कारण मी चुकीचं मोजून बऱ्यापैकी पैसे घालवले आहेत.

इंग्रजीत अशा उसळीला 'डेड कॅट बाउन्स' म्हणतात. मेलेलं मांजरसुद्धा पुरेशा उंचीवरून पडलं तर जमिनीवर आपटून थोडं उसळतं, ही त्यामागची कल्पना. शब्द क्रूर आहे, पण नेमका आहे.

आधी बाजार मंदीत आहे का ते बघा. सेन्सेक्सचा दोन वर्षांचा चार्ट उघडा. प्रत्येक उसळीचा माथा आधीच्या माथ्यापेक्षा खाली असेल आणि प्रत्येक तळ आधीच्या तळापेक्षा खाली, तर मंदी आहे. हे दोन मिनिटांचं काम आहे.

मग उसळीत खरेदी कोण करतंय ते बघा. पडत्या बाजारात अनेकांनी आधी विकून ठेवलेलं असतं, खाली आल्यावर परत घेऊन सौदा पटवायच्या हिशोबानं. एखादी चांगली बातमी आली की हे सगळे एकदम घाबरतात आणि मिळेल त्या भावाला परत घेतात. याला शॉर्ट कव्हरिंग म्हणतात. ही खरेदी तीव्र असते आणि लवकर संपते, कारण सौदा पटला की त्या माणसाला आणखी घ्यायचं काही कारण उरत नाही. मंदीतल्या उसळ्या तेजीतल्या चढणीपेक्षा जास्त उभ्या दिसतात त्या यामुळेच. ओळखायची खूण सोपी आहे: फ्युचर्सचा भाव चढतोय आणि उघडे सौदे, म्हणजे ओपन इंटरेस्ट, कमी होतोय, तर जुने सौदे बंद होत आहेत, नवा पैसा येत नाहीये. एनएसईच्या साइटवर हे आकडे रोज फुकट मिळतात. पण एवढ्यावर विसंबू नका. शॉर्ट कव्हरिंगनं सुरू झालेली चढण कधीकधी खऱ्या तेजीतही बदलते.

आता खरी अवघड पायरी: कोणती पातळी ओलांडली की उसळीवर विश्वास ठेवायचा. इथे मी 2008 मध्ये पडलो, आणि इथेच सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले मिळतात.

तेव्हा मी बडोद्यात दांडिया बाजारात राहत होतो आणि संध्याकाळी रावपुऱ्यातल्या एका सबब्रोकरच्या ऑफिसात जाऊन बसायचो. सेन्सेक्स 8 जानेवारी 2008 ला 20,873 वर बंद झाला होता. 16 जुलैला तो 12,576 वर आला. तिथून पाच दिवसांत त्यानं अशी उसळी मारली की ऑफिसात बसायला जागा उरेना. 22 जुलैला मनमोहन सिंग सरकारनं विश्वासदर्शक ठराव जिंकला आणि 23 तारखेला सेन्सेक्स एका दिवसात 838 अंकांनी चढून 14,942 वर गेला. तळापासून जवळजवळ एकोणीस टक्के. डीलर प्रत्येकाला गुजरातीत सांगत होता, "लई लो, हवे नहीं मळे," म्हणजे घेऊन टाका, आता मिळणार नाही. त्या दिवशी मी 40 हजारांचे निफ्टी बीज, म्हणजे निफ्टीच्या मागे चालणाऱ्या फंडाचे युनिट, घेतले, साधारण 450 रुपयांनी.

मग बाजार थोडा उतरला. 29 जुलैला रिझर्व्ह बँकेनं रेपो दर अर्धा टक्का वाढवून 9 टक्के केला आणि सेन्सेक्स 13,800 च्या खाली बंद झाला. माझ्या आतेभावानं, जो माझ्यापेक्षा दहा वर्षं आधीपासून बाजारात होता, मला त्या वेळी एक नियम सांगितला: "दुसरा तळ पहिल्यापेक्षा वर झाला आणि मग उसळीचा माथा ओलांडला, की मंदी संपली समज." हा नियम आजही सगळीकडे जसाच्या तसा सांगितला जातो. मी तो अक्षरशः पाळला. 13,800 हा 12,576 च्या बराच वर होता, म्हणजे दुसरा तळ वर झाला. 5 ऑगस्टला सेन्सेक्स 14,960 च्या आसपास बंद झाला, म्हणजे 14,942 चा माथाही ओलांडला. दोन्ही अटी पूर्ण. दुसऱ्या दिवशी मी आणखी 80 हजार घातले. हे पैसे घराच्या दुरुस्तीसाठी ठेवलेले होते.

पुढचा आठवडा बाजार चढलाच. 11 ऑगस्टला सेन्सेक्स 15,500 वर होता आणि माझं घेणं नफ्यात होतं. मला यातली सगळ्यात घातक गोष्ट हीच वाटते, की सापळा आधी नफा दाखवतो. नफा दिसला म्हणून मी विकायचा विचारही केला नाही. तिथून घसरण सुरू झाली. 15 सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स बुडाली, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जुलैचा तळ तुटला आणि 27 ऑक्टोबरला सेन्सेक्स 8,509 वर बंद झाला. माझ्या एक लाख वीस हजारांचे साधारण 68 हजार उरले.

मग नियम कुठे चुकला? मी जो माथा मोजला तो त्याच उसळीच्या आतला होता. पाच दिवस चढायचं, चार दिवस उतरायचं, परत चढायचं, हे सगळं एकाच उसळीच्या पोटात चाललं होतं. बघायला हवा होता त्याच्या आधीच्या उसळीचा माथा. मार्च 2008 मध्ये सेन्सेक्स 14,809 पर्यंत उतरून परत चढला होता आणि 2 मे रोजी 17,600 वर जाऊन फिरला होता. जुलै-ऑगस्टची उसळी 15,500 वर थांबली. 17,600 च्या ती जवळसुद्धा गेली नव्हती.

आधीचाच माथा का, याला कारण आहे. मे महिन्यात 17,000 च्या वर ज्यांनी घाईनं घेतलं ते सगळे अडकून बसले होते. अडकलेला माणूस नफ्याची वाट बघत नाही, मुद्दल निघायची वाट बघतो. रावपुऱ्यातल्या त्या ऑफिसात मी हे रोज ऐकत होतो, "माझा भाव आला की विकून मोकळा होतो." उसळी जसजशी वर जाते तसतशी ती अशा माणसांच्या भावाजवळ येते आणि प्रत्येक टप्प्यावर विक्रीवाला तयार असतो. या विक्रीला पुरून उरेल एवढा नवा पैसा आहे का, हे एकाच गोष्टीनं सिद्ध होतं: मागच्या उसळीच्या माथ्याच्या वर बाजार बंद झाला पाहिजे. तिथं पोचला, याचा अर्थ त्या उसळीत अडकलेले सगळे सुटले आणि तरीही खरेदीदार शिल्लक आहे.

हा नियम त्याच मंदीवर लावून बघा. जानेवारीच्या कोसळण्यानंतरची उसळी फेब्रुवारीच्या सुरुवातीला 18,660 च्या आसपास संपली. आधीचा माथा 20,873, ओलांडला नाही. मेमधली उसळी 17,600. आधीचा माथा 18,660, नाही. ऑगस्टची 15,500, आधीचा 17,600, नाही. दिवाळीनंतरची उसळी 4 नोव्हेंबरला 10,631 वर गेली. आधीचा 15,500, नाही. जानेवारी 2009 च्या सुरुवातीला 10,335. आधीचा 10,631, नाही. पाच वेळा खरेदी टळली असती. मग 9 मार्च 2009 ला 8,160 चा तळ झाला आणि एक महिन्याच्या आत, 8 एप्रिलला सेन्सेक्स 10,742 वर बंद झाला. 10,335 आणि 10,631 दोन्ही मागे पडले. त्या मंदीत पहिल्यांदाच हे घडलं होतं.

दोन सूचना. दिवसाच्या मधला भाव धरू नका, बंद भावच धरा, कारण माथ्याच्या वर क्षणभर डोकावून परत येणं रोजचं आहे. आणि माथा निवडताना रोजच्या चार्टवरची लहान टोकं सोडून द्या, नाहीतर तुम्ही माझ्यासारखेच उसळीच्या पोटातला माथा मोजाल.

हा नियम कुठे महाग पडतो. तळापाशी तुम्हाला काहीच मिळणार नाही. 2009 मध्ये 8,160 ते 10,742 हा जवळजवळ बत्तीस टक्क्यांचा टप्पा हातातून जातो. 2020 मध्ये तर आणखी जास्त. तेव्हा बाजार इतका सरळ कोसळला की मध्ये मोजण्यासारखी उसळीच झाली नाही. निफ्टी 23 मार्चला 7,610 वर होता आणि मार्चच्या सुरुवातीला तो जिथे रेंगाळला होता ती 11,300 ची पातळी जुलैच्या अखेरीस परत आली. थांबणाऱ्याचे अठ्ठेचाळीस टक्के गेले. अशा सरळ घसरणीत हा नियम उशिरानं खूण देतो, हे मला मान्य आहे. तरीही मी तो सोडत नाही, कारण 2008 सारख्या पायरीपायरीनं उतरणाऱ्या मंदीत पाच वेळा चुकीचं घेण्याची किंमत त्याहून मोठी असते. एकदा 43 टक्के पडल्यावर मुद्दल परत यायला 75 टक्के चढावं लागतं.

आधीच अडकला असाल तर खालच्या भावाला आणखी घेऊन ॲव्हरेज करू नका. उसळी जिथून सुरू झाली तो तळ लिहून ठेवा आणि त्याच्या खाली बाजार बंद झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी विका. माझ्यासाठी ती पातळी 12,576 होती. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी ती पाळली असती तर तोटा 43 ऐवजी सोळा-सतरा टक्क्यांवर थांबला असता.

खरेदी करताना मागचा माथा ओलांडल्यावर एक तृतीयांश पैसे घाला, बाकीचे बाजार थोडा उतरून त्या माथ्याच्या आसपास टिकतो का ते बघून. एप्रिल 2009 मध्ये माझ्याकडे 30 हजार उरले होते. त्यातले दहा हजार मी 10,700 च्या आसपास घातले आणि उरलेले वीस हजार हात आखडून ठेवले, कारण लोकसभा निवडणुकीचा निकाल यायचा होता. निकालानंतर 18 मे रोजी, सोमवारी, बाजार उघडताच वरचं सर्किट लागलं, म्हणजे चढण्याची मर्यादा गाठून व्यवहार थांबले, थोड्या वेळानं परत लागलं आणि त्या दिवसाचे व्यवहार बंद झाले. सेन्सेक्स 2,110 अंक वर, 14,284. रावपुऱ्यातल्या ऑफिसात पुन्हा तीच गर्दी, तोच डीलर. जुलैमधल्या 838 च्या दिवसापेक्षा हा दिवस कितीतरी तीव्र होता, पण या वेळी मागचा माथा सहा आठवड्यांपूर्वीच ओलांडलेला होता. उरलेले वीस हजार मी त्याच आठवड्यात घातले.