‘काल’ म्हणजे नेमका कोणता दिवस?

धंतोलीतल्या एका छोट्या कार्यालयात मला पहिलं काम मिळालं ते समृद्धी महामार्गाच्या बातमीवरून घटनाक्रम लावायचं. पहिलीच ओळ मी लिहिली: ‘१२ डिसेंबर २०२२, नागपूर-शिर्डी टप्प्याचं लोकार्पण.’ चूक! लोकार्पण ११ तारखेला, रविवारी झालं होतं. मी अंकावरची तारीख उचलली होती. ती ओळ वरिष्ठांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवली, अजून आठवलं की कान तापतात.

हा सापळा नीट समजून घ्या, कारण यात सगळेच पडतात. सोमवारच्या अंकातला ‘काल’ म्हणजे रविवार. पण तीच बातमी रविवारी रात्री संकेतस्थळावर गेली असेल तर तिथे ‘आज’ लिहिलेलं असतं, आणि वर ‘अपडेट’ म्हणून तिसरीच वेळ दिसते. ‘नागपूर, ता. ११’ ही तारीखही बातमी पाठवल्याची, घटनेची असेलच असं नाही. म्हणून आधी वार शोधा, मग कॅलेंडर उघडा. वार आणि तारीख जुळली नाही तर ओळ लिहूच नका.

दुसरं म्हणजे क्रियापद बघा. ‘सुरू होणार’ ही घोषणा, ‘सुरू झाला’ ही घटना. घोषणा घ्यायचीच असेल तर ती केल्याच्या दिवसावर टाका, ज्या दिवसाचं आश्वासन दिलंय त्या दिवसावर नाही.

बातमी ताज्या घटनेपासून सुरू होते आणि जुन्या गोष्टी शेवटच्या परिच्छेदात येतात. मी तर खालूनच वाचायला लागतो. जून २०२५ च्या बातमीवरून माझा तक्ता असा झाला:

११ डिसेंबर २०२२: नागपूर-शिर्डी, ५२० किमी खुला.
२६ मे २०२३: शिर्डी-भरवीर, ८० किमी खुला.
४ मार्च २०२४: भरवीर-इगतपुरी, २५ किमी खुला.
५ जून २०२५: इगतपुरी-आमणे, ७६ किमी खुला.

आता बेरीज करा, ७०१ येते. महामार्गाची एकूण लांबीही तेवढीच. माझ्या पहिल्या कच्च्या तक्त्यात ६७६ आले होते, कारण २५ किमीचा टप्पा किरकोळ वाटून मी गाळला होता. बेरजेनेच ते पकडलं. असा आकडा प्रत्येक बातमीत मिळत नाही, पण मिळाला की सोडू नका.

दुसऱ्याचा तयार तक्ता मात्र उतरवू नका. ‘वेळ वाचतो’ म्हणणाऱ्यांच्या चुका मीच निस्तरल्या आहेत.

घाबरू नका, चार-पाच बातम्यांत हात बसतो. अडतं ते ‘गेल्या मे महिन्यात’ अशा वाक्यावर. तिथे बातमीच्या तारखेवरून वर्ष काढा आणि महिना-वर्ष एवढंच लिहा, तक्ता भरलेला दिसावा म्हणून १ तारीख घालू नका. दिवसाचा रकाना रिकामा राहिला तर राहू द्या.