ग्रुप फोटोतला एकच चेहरा मोठा करताना या चुका टाळा

तेराव्याला तीन-चार दिवस उरले की स्टुडिओत माणसं येतात ती हातात ग्रुप फोटो घेऊन. शाळेचा, लग्नाचा, भिशी मंडळाचा. त्यातल्या एका चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणतात, “हा एवढा मोठा करून द्या, भिंतीवर लावायचाय.” काम होतं, चांगलंही होतं. पण बहुतेक वेळा फोटो बिघडतो तो आम्ही हात लावायच्या आधीच, किंवा आमच्याच घाईमुळे. एका कामाच्या आधारे सांगतो, म्हणजे नेमकं कुठे चुकतं ते कळेल.

फोटो १९८१ सालचा होता, कृष्णधवल, ८ बाय १० इंचाचा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. बालवाडी शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचा ग्रुप, चौतीस बायका. मुलगा म्हणाला, “दादा, आईचा तरुणपणचा एकटीचा फोटो कुठेच नाही हो. हाच एक.” आई दुसऱ्या रांगेत, अगदी डाव्या टोकाला उभी. हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत पट्टीने मोजलं तर चेहरा ११ मिलिमीटर. नखाएवढा.

पहिली चूक: व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर काम सुरू करणं

त्याने आदल्या रात्रीच फोटोचा फोटो काढून पाठवला होता. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. दहा इंचाच्या फोटोत हे पिक्सेल चौतीस जणींमध्ये वाटले गेले, आणि आईच्या चेहऱ्याच्या वाट्याला आले जेमतेम सत्तर. असा चेहरा मोठा केला की फाटतो. मग डोळे नीट दिसावेत म्हणून कुणीतरी ते हाताने रंगवतो आणि फ्रेममध्ये भलतीच बाई येऊन बसते.

म्हणून मूळ कागदी फोटोच आणा. गाव लांब असेल तर फोटो खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही अशा जागी सपाट ठेवा, मोबाइल फोटोला समांतर धरा आणि पूर्ण ग्रुप न घेता फक्त त्या व्यक्तीचा, छातीपर्यंतचा भाग भरून घ्या. कॅमेरा नीट फोकस करतोय त्यापेक्षा जवळ जाऊ नका. पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी येते.

आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानातच येत नाही. ग्रुप फोटोची प्रत एकच नसते. त्या वेळी प्रत्येकीने पैसे भरून आपापली प्रत घेतलेली असते. तुमची प्रत माळ्यावर ओल खात पडली असेल, पण शेजारच्या गावातल्या एखाद्या बाईंनी ती ट्रंकेत कापडात गुंडाळून ठेवलेली असू शकते. फोटो काढणारा स्टुडिओ अजून चालू असेल तर निगेटिव्हची चौकशीही करा. निगेटिव्हमध्ये कागदापेक्षा खूप जास्त तपशील असतो. या कामात निगेटिव्ह मिळाली नाही, पण आईच्या एका मैत्रिणीकडे दुसरी प्रत निघाली. ती फिकी होती, तरी पुढे फार उपयोगी पडली.

दुसरी चूक: कृष्णधवल फोटो म्हणून ‘ग्रे’ मध्ये स्कॅन करणं

हे आमच्या धंद्यातले लोकही करतात. फोटो काळा-पांढरा असला तरी त्याच्यावरचे डाग रंगीत असतात. कागद पिवळा पडलेला असतो, आणि देव्हाऱ्याजवळ ठेवलेला असेल तर हळदीची बोटं उमटलेली असतात. ग्रेमध्ये स्कॅन केलं की पिवळा डाग आणि चेहऱ्यावरची सावली एकाच करड्या रंगात मिसळते. मग डाग पुसताना गालाची गोलाईही पुसली जाते.

रंगीत स्कॅन लाल, हिरवा आणि निळा अशा तीन थरांचा असतो, त्यांना चॅनल म्हणतात. रंगीत स्कॅन घ्या आणि त्यातला फक्त लाल चॅनल वापरा. पिवळा डाग निळ्या चॅनलमध्ये सर्वात गडद दिसतो आणि लाल चॅनलमध्ये जवळजवळ नाहीसा होतो. फोटोशॉपमध्ये `Channels` मधून `Red` निवडायचं. गिंपमध्ये `Colors > Components > Decompose` मधून तीनही चॅनल वेगळे करता येतात. आमच्या फोटोत आईच्या उजव्या गालापासून कानापर्यंत हळदीचा ओघळ होता. लाल चॅनलमध्ये त्याची पुसटशी कडा तेवढी राहिली. मात्र रंगीत फोटोवर ही युक्ती करू नका. तिथे लाल चॅनलमध्ये कपाळावरचं कुंकूच फिकं होऊन जातं.

स्कॅन १२०० डीपीआयवर पुरे. त्यावर ११ मिलिमीटरचा चेहरा ५२० पिक्सेलचा आला. ४८०० वर घेतला असता तर फाइल प्रचंड झाली असती, पण कागदात जे नाहीच ते कुठून येणार? फक्त कागदाचा पोत आणि दाणा, म्हणजे जुन्या फोटोतली बारीक रवाळ खर, मोठी दिसली असती.

फोटो काचेला चिकटलेला असेल तर ओढून काढू नका. वरचा जिलेटिनचा थर काचेला धरून बसतो आणि नेमका चेहरा सोलून निघतो. काचेसकट कॅमेऱ्याने फोटो घ्यावा. घरातल्या सडपातळ ऑल-इन-वन स्कॅनरवर तो ठेवून फारसा उपयोग नसतो, कारण त्याचा फोकस त्याच्या स्वतःच्या काचेवरच असतो. मध्ये दुसरी काच आली की चेहरा धूसर येतो.

तिसरी चूक: आधी फ्रेम घेणं, मग चेहरा तिच्यात बसवणं

मुलाने १२ बाय १८ ची फ्रेम आधीच आणली होती. त्याच्या डोळ्यांसमोर फ्रेमभर चेहरा होता. तसा घेतला तर चेहरा सहा इंचांचा झाला असता, म्हणजे मूळच्या चौदा पट. इतक्या जुन्या ग्रुपमधला चेहरा चौदा पट मोठा केला की डोळ्यांच्या जागी सावल्या उरतात.

मी चेहरा सात पटीच्या आसपास ठेवतो. इथे तो तीन इंचांचा झाला आणि कागद घेतला ८ बाय १२. म्हणजे मूळ फोटोतला सुमारे ३ सेंटिमीटर रुंद आणि साडेचार सेंटिमीटर उंच तुकडा, त्यात डोक्यावर थोडी मोकळी जागा आणि खाली छातीपर्यंतचा भाग. भिंतीवरचा फोटो आपण पाच-सहा फुटांवरून बघतो. तिथून एवढा चेहरा स्वच्छ दिसतो, आणि खांदे, पदर, मानेचा कल या सगळ्यांमुळे माणूस ओळखू येतो. नुसता चेहरा कापला तर ही ओळख निम्मी कमी होते. मोठीच फ्रेम वापरायची असेल तर फोटोच्या सभोवती रुंद माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, लावा. मुलाला मी दोन्ही आकारांच्या कच्च्या प्रिंट काढून भिंतीला टाचून दाखवल्या. लांब उभं राहून त्याने लहानच निवडली.

डाग काढताना चेहरा काढू नका

सर्वात जास्त वाईट मला याचं वाटतं. धुळीचे ठिपके पुसता पुसता हनुवटीवरचा तीळ जातो, गोंदण जातं. घरच्यांना काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण “ही आमची आई वाटत नाही” एवढं कळतं.

ठिपका कागदावरचा आहे की चेहऱ्यावरचा, हे त्याच्या कडेवरून ओळखता येतं. खूप मोठं करून बघा. पापणीची, ओठांची कडा लेन्समधून आलेली असते, म्हणून थोडी मऊ असते. तीळही तेवढाच मऊ दिसतो. धूळ किंवा ओरखडा मात्र नंतर कागदावर आलेला, त्याची कडा पापणीपेक्षा तीक्ष्ण असते. आमच्या फोटोत भुवयांच्या मध्ये एक आणि हनुवटीवर एक असे दोन ठिपके होते. दोन्ही मऊ कडांचे. मैत्रिणीच्या प्रतीत ते नेमके त्याच जागी होते, म्हणजे गोंदणच. गालावरचे तीन तीक्ष्ण ठिपके त्या प्रतीत नव्हते, ते पुसले.

डोळ्यांना तर हात लावूच नका. उन्हात काढलेल्या ग्रुपमध्ये भुवयांची सावली डोळ्यांवर पडलेली असते. ती थोडी, अगदी थोडी उजळा. नवी बुबुळं, नवी चमक काढू नका.

खांदा आणि पदर

शेजारीण उभी असते, तिने खांदा झाकलेला असतो. सोपा उपाय म्हणून दिसणारा खांदा उलटा करून दुसऱ्या बाजूला चिकटवतात. आईच्या बाबतीत झाकला गेलेला खांदा डावा होता, म्हणजे पदराचाच. उजवा उलटवला असता तर पदर गायबच झाला असता. याच कारणासाठी अख्खा चेहराही कधी उलटवू नये. भांग, तीळ, चमकी सगळं चुकीच्या बाजूला जातं.

मी त्याच रांगेतल्या दुसऱ्या एका शिक्षिकेचा पदराचा खांदा घेतला. एकाच फोटोतला असल्यामुळे ऊन त्याच बाजूचं, दाणा तसाच, धूसरपणा तेवढाच. बाहेरून आणलेला खांदा कितीही चांगला असला तरी चिकटवलेला दिसतो. खाली पुढच्या रांगेतल्या बाईंचा अंबाडा डोकावत होता, तिथे पदर हळूहळू पार्श्वभूमीत विरत नेला, जुन्या स्टुडिओतल्या फोटोंसारखा. पार्श्वभूमीही त्याच करड्या छटेची ठेवली. चकचकीत निळ्या पडद्यावर जुना चेहरा कापून लावलेला दिसतो, विशेषतः केसांची कड कात्रीने कापल्यासारखी असेल तर.

टोकाची माणसं रुंद येतात

कच्ची प्रिंट बघून मुलगी म्हणाली, “आई एवढी गुबगुबीत नव्हती हो.” ती बरोबर होती. मोठा ग्रुप मावावा म्हणून रुंद लेन्स वापरली की कडेची माणसं आडवी ताणली जातात, अगदी टोकाला दहा टक्क्यांपर्यंतही. ग्रुपमधले मधले चेहरे आणि दोन्ही टोकांचे चेहरे शेजारी ठेवून बघितलं की फरक कळतो. मी उंची तशीच ठेवून फक्त रुंदी सहा टक्क्यांनी कमी केली. हे खांदा जोडण्याआधी करायचं असतं; मी नंतर केलं म्हणून तो जोड पुन्हा करावा लागला.

शेवटी मोठं करून झाल्यावर थोडा दाणा घातला. अगदी गुळगुळीत चेहरा प्लास्टिकचा वाटतो, बारीक दाणा असला की नजरेला तपशील असल्याचा भास होतो. प्रिंट मॅट कागदावर काढली, कारण चकचकीत कागदावर समईचा आणि ट्यूबलाइटचा उजेड नेमका चेहऱ्यावर चमकतो. फ्रेम करताना काच आणि फोटोच्या मध्ये माउंटची जाडी राहील असं बघितलं, नाहीतर हाराच्या ओलाव्याने आणि पावसाळ्यात हाही फोटो काचेला चिकटेल.

मुलगी फ्रेम न्यायला आली तेव्हा तिने आधी हनुवटीवरच्या गोंदणावर बोट ठेवलं.