पुरणपोळीचा भाव काढताना

बेळगावात घरून पुरणपोळ्या विकू पाहणाऱ्या बहुतेक जणी भाव काढतात तो शेजारच्या दुकानातला दर पाहून, आणि दोन-चार महिन्यांतच हात दुखतात पण पैसा कुठे दिसत नाही, अशी तक्रार करू लागतात. म्हणून एका घाण्याचा हिशोब मांडतो. दर तुम्ही आपापल्या पावतीप्रमाणे बदलून घ्यावेत.

रविवार पेठेतून आणलेली एक किलो हरभरा डाळ, तेवढाच गूळ, एक किलो कणीक-मैदा, तेल, वेलदोडे आणि जायफळ यांचे मिळून 266 रुपये झाले असे धरू. यातून 38 पोळ्या लाटल्या जातात. मात्र दोन-तीन तव्यावर फुटतात किंवा चवीला जातात, म्हणून भागायचे ते विकल्या जाणाऱ्या 35 पोळ्यांनी. असा एका पोळीचा माल 7 रुपयांचा नव्हे, 7 रुपये 60 पैशांचा पडतो. गॅसचा अंदाज बांधू नये. काम सुरू करण्यापूर्वी व संपल्यावर सिलिंडर वजनकाट्यावर ठेवावा. 400 ग्रॅम उतरला आणि व्यावसायिक सिलिंडरचा दर किलोला 90 रुपये पडत असेल, तर पोळीमागे साधारण एक रुपया होतो. पाच पोळ्यांचा डबा व लेबल 7 रुपयांचे, म्हणजे पोळीमागे 1 रुपया 40 पैसे.

इथपर्यंत बेरीज जेमतेम दहा रुपये होते, आणि पंधराला विकली तरी पाच सुटतात असे वाटते. खरा फास इथेच आहे. डाळ भिजत असतानाचा वेळ मोजू नये, कारण तेव्हा हात मोकळे असतात. परंतु डाळ निवडणे, पुरण आटवणे व वाटणे, कणीक तिंबणे, लाटणे, भाजणे, डबे भरणे आणि शेवटी गुळाने चिकटलेली पातेली घासणे, हे सारे घड्याळ लावून मोजले, तर चार तास सहज भरतात. तासाला 80 रुपये म्हटले तरी 320 रुपये, म्हणजे पोळीमागे 9 रुपये 14 पैसे होतात, मालापेक्षाही जास्त. हा आकडा वहीत लिहिताना माझाही हात थबकत असे, कारण घरच्या कामाची मजुरी लावणे आपल्याकडे हिशेबीपणाचे समजले जाते. तरीही ती लावाच. ज्या दिवशी मदतीला बाई ठेवावी लागेल, त्या दिवशी ती मजुरी रोख द्यावीच लागणार आहे.

अशी पोळी सुमारे 19 रुपये 20 पैशांना पडते, म्हणजे पंधराला विकणारी आपल्या मजुरीतलेच चार रुपये गिऱ्हाइकाला देत असते. मालाच्या तिप्पट भाव लावा, असे शिकवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही; ज्वारीच्या कडक भाकरीत माल थोडा आणि हात जास्त लागतो, तिथे हे सूत्र मजुरीच बुडवते.

दुकानात ठेवणार असाल, तर दुकानदाराचे वीस टक्के विक्रीच्या दरावर कापले जातात. 19.20 वर वीस टक्के चढवून 23 रुपये ठेवले, तर हाती 18.40 येतात. 19.20 ला 0.8 ने भागून 24 रुपये लावले, तरच खर्च व मजुरी पुरी निघते, आणि नफा हवा असल्यास तो भागाकारापूर्वीच मिळवावा लागतो. चोवीसचा आकडा ऐकून घाबरू नका. सणासुदीला गिऱ्हाईक आधी पोळीचा मऊपणा पाहते.