नोकरीसाठी ‘रजिस्ट्रेशन फी’ मागतायत? आधी मेल आयडीतलं @ नंतरचं वाचा

घरात कोणी नोकरी शोधत असेल तर त्याला हे आजच पाठवा. ऑफर लेटरवरचा लोगो खराच दिसतो, तो कुणीही कॉपी करू शकतो. कंपनीची साइट example.com आणि मेल मात्र hr@example-careers.com वरून, असं असेल तर थांबा. मेलमधल्या नंबरवर फोन करू नका. कंपनीची साइट स्वतः टाइप करून तिथल्या नंबरवर विचारा.

पहिली रक्कम मुद्दाम छोटी आणि ‘रिफंडेबल’ असते. ती भरली की ट्रेनिंग, लॅपटॉप, व्हेरिफिकेशन असं मागणं सुरूच राहतं, आणि आधीचे पैसे अडकलेत म्हणून माणूस पुढचे भरतो.

पैसे गेलेच असतील, तर चॅट डिलीट न करता ट्रान्झॅक्शन नंबर घेऊन लगेच बँकेला कळवा.