गुरू लुकलुकत नव्हता, तरी दुर्बिणीत नीट का दिसला नाही?

आकाशनिरीक्षण नव्याने सुरू करणाऱ्यांना मी एक गोष्ट आधीच सांगतो: डोळ्यांना दिसणारे लुकलुकणे आणि दुर्बिणीत जाणवणारे ‘सीइंग’, म्हणजे हवेमुळे प्रतिमा किती स्थिर आणि रेखीव दिसते ते, ही एकाच वातावरणाची देणगी असली, तरी एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. मी स्वतः तो बांधला होता आणि त्यात फसलो होतो.

2026 च्या जानेवारीत गुरू मिथुन राशीत, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ होता. सोलापुरात तेव्हा गड्ड्याची यात्रा भरलेली होती. आमच्या गच्चीवरून रात्री आठच्या सुमारास पाहिले, तर त्या दोघांपैकी कॅस्टर हा तारा चांगलाच लुकलुकत होता आणि शेजारचा गुरू मात्र समईच्या ज्योतीसारखा स्थिर होता. दोघांचा प्रकाश जवळपास सारख्याच उंचीवरून, सारख्याच हवेतून येत होता. फरक होता तो त्यांच्या दिसणाऱ्या आकाराचा.

हवेचे तापमान एका अंशाने बदलले, तर तिचा अपवर्तनांक जेमतेम दशलक्षांश भागाने बदलतो. पण गरम आणि थंड हवेचे असे असंख्य पट्टे प्रकाशाच्या वाटेत आले, की ते कमकुवत भिंगांसारखे वागतात. सुमारे 10 किलोमीटर उंचीवरच्या अशा खळबळीमुळे जमिनीवर साधारण सात-आठ सेंटिमीटर रुंदीचे उजेडाचे आणि अंधाराचे डाग पडतात आणि ते वाऱ्याबरोबर धावत राहतात. डोळ्याची बाहुली या डागांपेक्षा कितीतरी लहान असल्यामुळे कधी उजळ डाग तिच्यावर येतो, तर कधी काळा. हेच लुकलुकणे. तारा आपल्याला बिंदूच असतो. आर्द्रेसारख्या महाकाय ताऱ्याचाही व्यास एका विकलेच्या विसाव्या भागाइतकाच दिसतो; विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग. गुरूची तबकडी त्या दिवसांत सुमारे 46 विकला होती. हा कोन 10 किलोमीटर अंतरावर सव्वादोन मीटर भरतो, म्हणजे गुरूचा प्रकाश एकाच वेळी शेकडो वेगवेगळ्या डागांमधून डोळ्यात येतो आणि त्यांचे चढउतार एकमेकांत जिरून जातात. (क्षितिजालगत हवेचा थर इतका वाढतो, की तेथे ग्रहही लुकलुकतात, मंगळाची तबकडी लहान असताना तर लवकरच.)

तेव्हा मी असा निष्कर्ष काढला, की गुरू स्थिर आहे, अर्थात हवा चांगली आहे. सहा इंची परावर्ती दुर्बीण घरातून काढून थेट गुरूकडे वळवली आणि पाहतो तो काय, तबकडी उकळत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखी हलत होती. दोन मोठ्या पट्ट्यांपलीकडे काही दिसेना. एकूण तेज स्थिर राहिले म्हणून प्रतिमा स्थिर राहते असे नाही, कारण प्रत्येक बिंदूचा प्रकाश किंचित सरकतच असतो. आणि या सरकण्यात जमिनीलगतच्या, किंबहुना दुर्बिणीच्या नळीतल्या हवेचा वाटा फार मोठा असतो. लुकलुकण्यात ती हवा जवळजवळ दिसतच नाही.

सीइंग मोजायला कॅस्टर उत्तम, कारण तो जोडतारा असून त्याच्या दोन घटकांत सुमारे साडेपाच विकलांचे अंतर आहे. सहा इंची दुर्बिणीला हे अंतर सहज वेगळे करता यायला हवे; तिची मर्यादा एका विकलेच्याही आत आहे. त्या रात्री आठ वाजता दोन्ही ठिपके एकमेकांना चिकटलेले होते. मग मी मुद्दाम फोकस बिघडवून ताऱ्याची मोठी चकती केली. उंचावरची हवा कारण असती, तर चकतीवरून बारीक सावल्या एका दिशेने झपाट्याने गेल्या असत्या. येथे संथ, जाड धुरासारखे लोट एका कडेने वर चढत होते. म्हणजे आरसा अजून खोलीच्या तापमानाचा होता आणि दिवसभर तापलेला स्लॅब खालून भर घालत होता. सव्वाअकराला ठिपके वेगळे झाले. प्रत्येकाचा फुगीरपणा मधल्या अंतराच्या तिसऱ्या भागाइतका, म्हणजे दोन विकलांहून थोडा कमी भरला.

सगळे श्रेय आरसा निवण्याला देण्याचा मोह झाला, परंतु दरम्यान कॅस्टर 25 अंशांवरून 70 अंशांच्या आसपास चढला होता. म्हणून दुसऱ्या दिवशी दुर्बीण गावाबाहेरच्या काळ्या रानात नेली, संध्याकाळी सहापासून उघड्यावर ठेवली आणि पुन्हा आठ वाजताच पाहिले. ठिपके वेगळे होते, पण फुगीरपणा अंतराच्या निम्मा, म्हणजे पावणेतीन विकला होता. 25 अंशांवर प्रकाशाला डोक्यावरच्यापेक्षा सुमारे 2.4 पट हवा ओलांडावी लागते आणि धूसरपणा या पटीच्या 0.6 घाताने वाढतो, म्हणजे साधारण 1.7 पट. आदल्या रात्रीच्या आकड्याला 1.7 ने गुणले, तर जवळपास हेच उत्तर येते. दोन रात्रींची हवा सारखी असेलच असे नाही, हे धरूनही रानातला धूसरपणा बहुतांशी कॅस्टरच्या कमी उंचीचा होता आणि गच्चीवरचा चिकटलेपणा बहुतांशी माझ्या दुर्बिणीचा व स्लॅबचा.