वॉक-इनला जाताय? रेझ्युमे आणि बोलणं एकाच क्रमात ठेवा

रोजगार मेळाव्यात टेबलापलीकडचा माणूस तुमचा कागद हातात धरूनच तुमचं ऐकत असतो, त्यामुळे तुम्ही जे बोलताय ते त्याला कागदावर वरून खाली त्याच क्रमाने सापडलं पाहिजे, नाहीतर तो शोधत बसतो आणि तुमचं बोलणं वाया.

रेझ्युमे एकच पान, एका बाजूला, अक्षर 11 किंवा 12 साइजचं. नाव, मोबाईल, राहण्याचं गाव आणि त्याच्या लगेच खाली तीन ओळी. समजा आयटीआय फिटर आहे, तर: फिटर ट्रेड, 2023 पास. एक वर्ष अप्रेंटिसशिप, पंप असेंब्ली लाईन. व्हर्नियर, मायक्रोमीटर वापरता येतं, ड्रॉइंग वाचता येतं. वडिलांचं नाव, धर्म, छंद, ते खालचं डिक्लेरेशन, सगळं उडवा, जागाच खातं.

आता ह्याच तीन ओळी तोंडाने: "नमस्कार सर, मी चाकणलाच राहतो, 2023 ला फिटर ट्रेड पास झालो, नंतर एक वर्ष पंप असेंब्लीला अप्रेंटिस होतो, रोज व्हर्नियरने शाफ्टचं माप घ्यायचो. शिफ्ट कुठलीही चालेल." वीसेक सेकंदात होतं. मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका, पाठ केल्यासारखं वाटलं तर वाक्यं तोडा.

आणि कागदावर मायक्रोमीटर लिहिलंय तर त्याचा लीस्ट काउंट विचारणारच (साध्याचा 0.01 मिमी), येत नसेल तर लिहूच नका.

प्रिंट जास्तीच्या घ्या, मेळाव्याबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे सकाळी भली मोठी लाईन असते.